सायंकाळची दहा मिनिटे आणि घरातील चार भाषा

बेळगावसारख्या सीमेवरील गावात एखाद्या ख्रिस्ती घराच्या ओट्यावर घटकाभर बसावे, म्हणजे तीन-चार भाषा सहज कानांवर पडतात. आजी नातवंडांशी कोंकणीत बोलते, वडील शेजाऱ्यांशी मराठीत बोलतात, भाजीवालीशी व्यवहार कानडीत होतो, आणि मुले शाळेतून आली की त्यांच्या तोंडी इंग्रजी असते. अशा घरांतील आई-वडील आम्हांस वारंवार एकच प्रश्न विचारतात. सायंकाळी मुलांबरोबर दहा मिनिटे वाचावे हे त्यांना पटले आहे. परंतु ते कोणत्या भाषेत वाचावे? आज इंग्रजी, उद्या कानडी, परवा मराठी अशी समान वाटणी करावी काय? की एकाच बैठकीत प्रत्येक वाक्य दोन-तीन भाषांत सांगावे?

आमचे उत्तर असे की समान वाटणी करू नये, आणि एका वाक्याची तीन वाक्येही करू नयेत. या दहा मिनिटांतील मोठा वाटा त्या भाषेला द्यावा, जिला घराबाहेर दुसरे घर नाही. वर सांगितलेल्या घरातील मूल इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते आणि तेथे दुसरी भाषा म्हणून कानडी शिकते, असे धरू. म्हणजे इंग्रजी व कानडी वाचून घेणारे गुरुजी आणि बाई त्याला रोज भेटतात. मराठी मात्र ते ऐकते, बोलते, पण तिचे पुस्तक त्याच्या हाती कोणी देत नाही. आणि कोंकणी तर केवळ आजीच्या तोंडून येते. वडिलांनी सायंकाळीही इंग्रजीच हाती घेतले, तर चार-पाच वर्षांनी ते मूल मराठी बातमी वाचू शकत नाही आणि आजी बोलू लागली की फक्त मान हलवते. आजीचे बोलणे समजते, पण तिला उत्तर देता येत नाही, अशी नातवंडे आम्ही अनेक घरांत पाहिली आहेत.

हेच गणित इतरत्र वेगळे मांडावे लागेल. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांत शाळेची व रस्त्याची भाषा हिंदी आहे, वडोदऱ्यास गुजराती आहे, हैदराबादेस तेलुगू, उर्दू व इंग्रजी आहेत. पालकांनी कागदावर मुलाच्या भाषा लिहून प्रत्येकीपुढे ती त्याला कोठे कोठे वाचावयास मिळते हे लिहावे. जिच्यापुढील जागा रिकामी राहील ती सायंकाळची मुख्य भाषा समजावी.

शाळेत मूल मागे पडेल ही भीती येथे पालकांच्या मनात उभी राहते. तिचे निरसन करण्यासाठी वाचन म्हणजे काय हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. वाचनात दोन वेगळी कामे असतात. एक म्हणजे चिन्हांवरून उच्चार ओळखणे, आणि दुसरे म्हणजे उच्चारलेल्या वाक्यांवरून अर्थ धरणे, गोष्टीचा धागा लक्षात ठेवणे, पुढे काय होईल याचा अंदाज बांधणे. पहिले काम प्रत्येक लिपीत पुन्हा शिकावे लागते. दुसरे मात्र एका भाषेत साधले की दुसऱ्या भाषेत मोठ्या प्रमाणात उपयोगी पडते. मराठीत ऐकलेल्या गोष्टीतील लबाड कोल्हा ज्या मुलाला उमगला, त्याला इंग्रजीतील कोल्हा लबाड का आहे हे पुन्हा समजावून द्यावे लागत नाही; त्याला फक्त तेथील शब्द हवे असतात. म्हणून सायंकाळची मराठी ही शाळेच्या इंग्रजीची वैरीण नव्हे.

आता पुस्तकाविषयी. सात-आठ वर्षांच्या मुलासाठी मोठे चित्र व पानावर दोन-चार ओळी असलेले सोळा ते चोवीस पानांचे पुस्तक पुरे. १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टची बालपुस्तके अनेक भारतीय भाषांत निघतात. बंगळूरच्या प्रथम बुक्स या संस्थेची पुस्तकेही मराठी, कानडी, इंग्रजी अशा अनेक भाषांत मिळतात, आणि त्यांवर वाचनाच्या चार पायऱ्यांपैकी कोणती हे छापलेले असते. एकच गोष्ट, तीच चित्रे, पण भाषा निरनिराळी अशी दोन पुस्तके मिळाली, तर बहुभाषी घराला त्याहून सोयीचे साधन नाही. न मिळाली तरी अडत नाही. चित्रे तर कोणत्याही भाषेत बोलतात.

वाचून दाखवणाऱ्याने आपली स्वतःची पक्की भाषा निवडावी. ज्या भाषेत आपण रागावतो, हसतो, हिशेब करतो, त्या भाषेत गोष्ट जिवंत होते. मोडक्या इंग्रजीत अडखळत वाचणाऱ्या वडिलांपेक्षा खणखणीत मराठीत वाचणारे वडील मुलाला अधिक शब्द देतात.

दहा मिनिटांची मांडणी साधी असावी. पहिली दोन मिनिटे मुखपृष्ठ व चित्रे पाहण्यात जावी, पुढील पाच मिनिटे वाचनात, आणि उरलेली तीन बोलण्यात. वेळ घड्याळापेक्षा एखाद्या नित्याच्या कामाला जोडावी. सायंकाळची रोझरी आणि जेवण आटोपले की ताटे उचलण्यापूर्वी पुस्तक यावे, असा क्रम एकदा बसला म्हणजे मूलच आठवण करून देते. निजण्याच्या अगदी काठावर वाचले, तर डोळे मिटू लागतात आणि बोलण्याची तीन मिनिटे हटकून बुडतात.

आणि खरे फळ त्याच तीन मिनिटांत आहे. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन-अडीच वर्षांच्या मुलांना सर्वच पालक वाचून दाखवीत होते. परंतु त्यांतील काहींना एक रीत शिकविण्यात आली. 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर भागेल असा प्रश्न विचारू नये, मुलाला स्वतः सांगावयास लावावे, आणि त्याने सांगितलेले थोडे वाढवून त्याच्या कानी परत घालावे, अशी ती रीत होती. महिनाभरातच या घरांतील मुले बोलण्यात इतरांच्या पुढे गेलेली आढळली. वाचन तर दोन्हीकडे चालूच होते. फरक पडला तो बोलण्यामुळे.

बहुभाषी घरात ही रीत कशी चालते ते पाहू. पुस्तकात मांजराचे एक पिल्लू आंब्यावर चढले आहे आणि त्याला उतरता येत नाही, असे समजा. वडील मराठीत विचारतात, "पिल्लू कुठे अडकले आहे?" मुलगी आजीच्या कोंकणीत उत्तर देते, "रुखार." वडिलांनी "कोंकणी नको, मराठीत बोल" असे म्हटले, तर ती पुढच्या प्रश्नाला गप्प बसेल, कारण तिचे उत्तर बरोबर असूनही ते चुकीचे ठरले. त्याऐवजी त्यांनी म्हणावे, "हो बाळ, झाडावर. आंब्याच्या उंच झाडावर अडकले आहे. तू त्याला कसे उतरवले असतेस?" मुलीला हवा असलेला मराठी शब्द मिळाला, तोही वाक्यात गुंफलेला मिळाला, आणि बोलणे पुढे सरकले. दुसऱ्या-तिसऱ्या सायंकाळी 'झाडावर' हा शब्द तिच्या तोंडून आपोआप येतो.

मुलाने दोन भाषा एका वाक्यात मिसळल्या, तर घाबरण्याचे कारण नाही. ज्या भाषेतील शब्द आधी हाताला लागतो तो मूल उचलते. मोठी माणसेही तेच करीत असतात.

एका पुस्तकावर एक आठवडा घालवावा, असे आम्ही सुचवितो. याच घरातील आठवडा असा चालेल. सोमवारी वडील मराठीत सबंध गोष्ट वाचतात आणि फारसे थांबत नाहीत, कारण पहिल्या दिवशी गोष्टीची ओढ तुटता कामा नये. मंगळवारी तीच गोष्ट पुन्हा वाचताना प्रत्येक दोन पानांवर एखादा प्रश्न येतो. बुधवारी पुस्तक आजीच्या मांडीवर जाते. आजीला देवनागरी अक्षर वाचावयाचा सराव नसेल. कोंकणी प्रार्थना तिने रोमी लिपीत वाचल्या असतील. हरकत नाही, ती चित्रांवरून तीच गोष्ट कोंकणीत सांगते आणि नात पाने उलटते. गुरुवारी मुलगी स्वतः दोन पाने मराठीत वाचते, उरलेली आई वाचते. शुक्रवारी मुलीने पुस्तक न उघडता गोष्ट सांगावयाची, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत. शनिवारी शाळेची पाळी, म्हणजे इंग्रजी किंवा कानडी पुस्तक. आई-वडिलांना कानडी वाचता येत नसेल, तर त्या दिवशी मुलगी वाचणारी व ते ऐकणारे. त्यांनी अर्थ विचारावा, "म्हणजे काय झाले?" असे म्हणावे. उच्चाराची चूक त्यांच्या ध्यानी येणार नाही, तेवढे काम शाळेकडे सोडावे. रविवारी नवे पुस्तक निवडावे, आणि ते मुलीने निवडावे.

तीच ती गोष्ट ऐकून मूल कंटाळेल, ही शंका मोठ्यांची असते. लहान मूल पुनरुक्तीत रमते, आणि नवा शब्द पक्का होण्यासाठी तो वेगवेगळ्या दिवशी अनेकदा कानी पडावा लागतो.

या आठवड्यात भाषा एकमेकींशेजारी येतात, त्यातून एक गंमत निपजते. पिल्लाला पाणी पाजावयाचे चित्र आले की मराठीत 'पाणी', आजीकडे 'उदक', कानडीत 'नीरु'. पैकी उदक आणि नीर हे शब्द मराठी पुस्तकांतही येतात, हे मुलीला सांगावे. आजीच्या कोंकणीत 'शीत' म्हणजे शिजलेला भात, तर मराठीत त्याच भाताचा एक कण. मराठीत 'ताई' म्हणजे थोरली बहीण, पण कानडीत 'तायि' म्हणजे आई! अशी एखादी जोडी एका सायंकाळी पुरे. ती गोष्ट संपल्यावर सांगावी, वाचन मध्येच तोडून नव्हे.

आता गुरुवारकडे परत येऊ, कारण मूल स्वतः वाचू लागले की लिप्यांची अडचण उभी राहते. येथे चूक कोणत्या लिपीतून आली हे पालकांस ओळखता आले, तर निष्कारण रागावणे टळते.

कानडी वाचणारे मूल 'घर' हा शब्द 'घर-अ' असा शेवटचा स्वर लांबवून वाचते. त्याचे कारण कानडीत अक्षरातील 'अ' शेवटीही पुरता उच्चारतात. 'म' आणि 'र' ही दोन अक्षरे कानडीत 'मर-अ' अशी वाचली जातात आणि त्यांचा अर्थ झाड असा होतो. मराठीत तीच अक्षरे 'मर्' अशी वाचतात आणि त्यांचा अर्थ अगदीच वेगळा! मूल बावळट नाही. ते एका लिपीचा नियम प्रामाणिकपणे दुसरीला लावीत आहे. "मराठीत शेवटचे अक्षर तोडून म्हणतात" एवढे एकदा सांगून शब्द पुन्हा म्हणून दाखवावा.

दुसरी अडचण पहिल्या वेलांटीची. 'किल्ला' लिहिताना वेलांटी 'क'च्या आधी येते, पण उच्चारताना नंतर. कानडीत इकाराचे चिन्ह अक्षराच्या माथ्यावर जोडलेले असते, म्हणून तिकडून आलेले मूल येथे क्षणभर थबकते. रफाराचेही तसेच. 'सूर्य' या शब्दात रफार 'य'च्या डोक्यावर बसतो, पण जीभ आधी 'र' म्हणते. अशा शब्दाखाली बोट ठेवून अक्षरे उच्चाराच्या क्रमाने दाखवावी, मग शब्द एकदम म्हणावा.

तिसरी अडचण हिंदी शाळेत जाणाऱ्या मुलांची. लिपी तीच असल्याने ती भराभर वाचतात, म्हणून चूक लपते. मराठीत 'चार' या आकड्यातील 'च' आणि गुरांच्या 'चारा' या शब्दातील 'च' यांचे उच्चार भिन्न आहेत, पण अक्षर एकच आहे. तालव्य कोणता आणि दंत्य कोणता हे लिपी सांगत नाही, कानच सांगतो. म्हणून इंदूर-ग्वाल्हेरच्या घरी मोठ्यांनी वाचून दाखविण्याचे दिवस अधिक ठेवावे आणि मुलाने वाचण्याचे कमी. ऐकल्यावाचून हा भेद येत नाही.

इंग्रजी माध्यमातील मूल आणखी एक सवय घेऊन येते. इंग्रजीत एकच अक्षर निरनिराळ्या शब्दांत निराळे वाजते, म्हणून काही मुले पहिले अक्षर पाहून उरलेल्या शब्दाचा तर्क करतात. तीच सवय मराठीत आली की 'पाऊस'चा 'पाऊल' होतो. अशा वेळी "शब्दाच्या शेवटी काय आहे ते बघ" एवढेच म्हणावे. देवनागरी अक्षर बहुतेक ठिकाणी जसे लिहिले तसेच वाजते, तेव्हा तर्क करण्याचे कारण उरत नाही, हे मुलाला हळूहळू उमगते.

मूल अडले की मनातल्या मनात पाचपर्यंत मोजावे. तेवढ्यात ते सावरले तर काही बोलू नये. न सावरले तर शब्द सांगून टाकावा आणि पुढे जावे. सुमारे पन्नास शब्दांच्या पानावर पाच ठिकाणी अडले, तर ते पुस्तक त्याला स्वतः वाचण्यास जड आहे, असे ढोबळ मानाने समजावे. पुस्तक टाकू नये, मोठ्यांनी वाचावे, आणि मुलासाठी त्याहून सोपे घ्यावे.

ही योजना कोठे बिघडते तेही सांगितले पाहिजे. प्रत्येक मराठी वाक्यामागून त्याचे इंग्रजी सांगण्याची खोड काही घरांत असते. तिची खूण अशी, की वाक्य संपताच मूल पानावरून डोळे उचलून तुमच्या तोंडाकडे पाहते. ते मराठी ऐकतच नसते. पुढच्या भाषांतराची वाट पाहत असते. अशा वेळी भाषांतर थांबवून अवघड शब्दासाठी चित्राकडे बोट करावे किंवा हातवारे करावे.

दुसरा बिघाड म्हणजे वाचनाचा धडा होणे. मुलाचा आवाज बारीक होतो, अक्षरे सुटी सुटी येतात, आणि पान संपल्यावर काय वाचले हे सांगता येत नाही. तसे दिसले की चार-पाच दिवस मुलाला वाचावयास सांगूच नये, नुसते ऐकवावे.

तिसरा बिघाड फसवा असतो. मूल घडाघडा वाचते, पण ते पाठ झालेले असते. हातातल्या कागदाने चित्र झाकावे आणि पानाची शेवटची ओळ आधी वाचावयास सांगावी, म्हणजे खरे कळते. पाठ झाले असेल तर त्यात अपराध काही नाही. लिपी अजून यावयाची आहे, एवढाच त्याचा अर्थ.

या दहा मिनिटांच्या मर्यादाही पालकांनी ओळखाव्या. त्यांनी चारही भाषा सारख्या तोलाच्या होणार नाहीत; कोंकणी ऐकण्या-बोलण्यापुरती राहील, मराठी वाचता येईल, इंग्रजी लिहिण्यात पुढे जाईल, असे चित्र स्वाभाविक आहे. अनेक भाषा कानी पडल्यामुळे मूल मागे पडते हा समजही खरा नाही. परंतु एक भेद लक्षात असू द्यावा. मूल एकाच लिपीत अडखळत असेल, तर सराव कमी पडला आहे. शाळेत नियमित शिकवूनही ते दुसरीच्या अखेरीस मराठी, कानडी, इंग्रजी या सर्वांतच अक्षरांची अदलाबदल करीत असेल, किंवा कोणत्याच भाषेत साधी गोष्ट समजून घेत नसेल, तर दोष भाषांच्या गर्दीला देऊन स्वस्थ बसू नये. आधी डोळे व कान तपासून घ्यावे आणि मग वर्गशिक्षिकेशी बोलून मुलांच्या वाचनदोषांच्या जाणकाराला दाखवावे.

शेवटी एक लहानशी वही करावी. तीत दिवस, पुस्तक, भाषा आणि कोणी वाचले एवढ्या चारच गोष्टी लिहाव्या. मुलाला लिहिता येत असेल तर त्यानेच लिहाव्या. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती वही सर्वांसमक्ष उघडावी. आजीच्या नावापुढे चारपेक्षा कमी ओळी दिसल्या, किंवा इंग्रजीच्या ओळी मराठीहून अधिक झाल्या, तर पुढील महिन्याचे वार बदलून घ्यावे. कागदावरची वाटणी आणि प्रत्यक्षातील वाटणी यांत किती अंतर पडले, हे ती वहीच सांगेल.